तरंगणाऱ्या चाकापुढे एबीएसही हतबल

«पाण्यावर गाडी घसरू लागताच ब्रेक जोरात दाबा, बाकीचे एबीएस सांभाळेल.»

हा सल्ला धोकादायक आहे, कारण ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा टायर आणि रस्ता यांच्यातील पकडीवरच चालते आणि साचलेल्या पाण्यावर तरंगणाऱ्या चाकाला ती पकडच उरलेली नसते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मुसळधार पावसात मला हे जाणवले: स्टिअरिंग एकाएकी हलके झाले आणि इंजिनाचा आवाज चढला. अशा वेळी ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू उचलावा आणि ब्रेक न दाबता स्टिअरिंग जाण्याच्या दिशेने सरळ धरावे. ते वळवून ठेवले असेल, तर पकड परत येताच गाडी त्या बाजूला झटक्याने फेकली जाते.

त्या सल्ल्यात टायरमधील हवेचा उल्लेखही हवा होता. दाब ३२ पीएसआयवरून २४ वर आला, तर ढोबळ हिशेबाने चाक ज्या वेगाला तरंगू लागते तो वेग ताशी सुमारे ९४ वरून ८२ किलोमीटरपर्यंत उतरतो, आणि खाचा झिजल्या असतील तर त्याहूनही खाली.