तारीख लिहिताय की कोडं घालताय?

गाड्यांच्या नोंदींच्या शीटसाठी माझी साधी मेल होती हो! तारीख 2025-03-05 अशी लिहा, वजन किलोत आणि नुसता आकडा लिहा. बस्स. सगळ्यांनी वाचली, अर्ध्यांनी अंगठा टाकला, आणि दुसऱ्या दिवशी शीट उघडते तर पुन्हा तेच. एकाचं 05/03/2025, दुसऱ्याचं 5 मार्च, तिसऱ्याचं 25.3.25. डोकं फिरतं अक्षरशः!

वर ऐकायचं काय, तर "मॅडम, वाचताना कळतंय ना, मग झालं की." नाही झालं! तुम्हाला कळतंय, शीटला कळत नाही. ही गूगल शीट ज्याने बनवली त्याने लोकेल युनायटेड स्टेट्स ठेवलं, म्हणजे ती आधी महिना वाचते, मग दिवस. दिंडोरीची द्राक्षं ५ मार्चला पॅकहाउसमधून निघाली, 05/03/2025 टाकलं, शीटने मुकाट ३ मे धरलं. २५ तारखेची गाडी 25/03/2025 म्हणून टाकली. पंचविसावा महिनाच नसतो, म्हणून तिने त्याला तारीख न मानता मजकूर म्हणून सेलच्या डाव्या कडेला ठेवलं. खरी तारीख आपोआप उजवीकडे जाते, एवढं तरी बघा! आता मार्चचा फिल्टर लावला की दोन्ही गाड्या गायब, आणि साहेबांना उत्तर द्यायला मी.

वजनाची तीच रड. 13200, मग "12800 किलो", मग 13500. बेरीज ३९,५०० यायला हवी, SUM दाखवते २६,७००. किलो लिहिलं की तो आकडा राहत नाही, SUM त्याला सोडून पुढे जाते, चूक म्हणून दाखवतसुद्धा नाही. किलो कॉलमच्या मथळ्यात लिहिलंय ना मोठ्या अक्षरात, मग परत कशाला?

"लोकेल बदला ना मग." बदललं, भारत केलं! त्याने जुनी नोंद सुधारत नाही. जी ३ मे होऊन बसली ती ३ मेच राहते, फक्त आता 03/05/2025 दिसते. खरी कुठली आणि उलटलेली कुठली, हे शीट बघून कुणाचा बाप सांगू शकत नाही. एकेक चलन काढून जुळवावं लागतं, आणि ते मी भर हंगामात, गाड्या दारात उभ्या असताना करतेय.

डेटा व्हॅलिडेशनही लावलं. मजकूर अडवतं ते, पण ३ मे ही वैध तारीखच आहे, ती कशाला अडवेल? त्यात काही महाभाग दुसऱ्या शीटमधला सेल कॉपी करून थेट पेस्ट करतात आणि व्हॅलिडेशनच पुसून टाकतात. वर्ष, महिना, दिवस, मध्ये आडवी रेघ, एवढंच मागितलंय. दहा अक्षरं! ती टाइप करायला हात का मोडतात तुमचे?