बाटलीवर हिरवं पान छापलं म्हणून कोकम नैसर्गिक होत नाही

मुंबई-गोवा हायवेवरच्या कुठल्याही कोकण मेवा दुकानात शिरा. कोकमाच्या बाटल्यांची रांगच्या रांग दिसेल आणि बहुतेकींवर एक हिरवं पान, ‘१००% नैसर्गिक’, ‘केमिकल फ्री’, ‘इको-फ्रेंडली’. मला याचा मनापासून राग येतो. उन्हात उभं राहून सालं ढवळणारी बाई आणि रंग-पाणी-साखर ढवळणारा कारखाना या दोघांच्या बाटलीवर हेच शब्द असतात, मग गिऱ्हाइकाने ओळखायचं कसं?

आमच्या ओळखीच्या एका बचत गटाचं लेबल या मोसमात नव्याने करायचं होतं. छपाईवाल्याने तयार नमुना पुढे केला. पान, थेंब आणि वरचे तिन्ही शब्द. “ताई, सगळे हेच छापतात,” म्हणाला. आम्ही बसून त्यातला एकेक शब्द तपासला. तेच इथे लिहिते.

आधी ‘१००% नैसर्गिक’. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे जाहिरात आणि दाव्यांचे नियम २०१८ चे आहेत. त्यांत ‘नैसर्गिक’ हा शब्द अशा एकेरी पदार्थासाठी ठेवलाय ज्यात बाहेरचं काहीच घातलेलं नाही आणि खाण्यालायक करण्यापुरतीच प्रक्रिया केलीय. मीठ न लावता नुसती वाळवलेली कोकमाची साल यात बसेल. अमृत कोकम बसत नाही, कारण त्यात साखर आहे. आणि थोडीथोडकी नाही! गटाचं प्रमाण १० किलो ताज्या सालीला २० किलो साखर असं आहे. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायचे असतात, म्हणजे पहिलं नाव साखरेचंच येणार. बाटली उलटी करून ती ओळ वाचायची सवय लावून घ्या. पुढे मोठ्या अक्षरात कोकम आणि मागे बारीक अक्षरात पाणी, साखर, आम्लता नियामक, रंग असं दिसलं की काय ते कळतं. ‘१००%’ या आकड्याबद्दल तर प्राधिकरणाने २०२५ मध्ये उत्पादकांना स्पष्ट सांगितलंय की तो लेबलवर वापरू नका.

दुसरा दावा ‘केमिकल फ्री’, म्हणजेच ‘प्रिझर्व्हेटिव्ह नाही’. गटातल्या काकू ठामपणे म्हणाल्या, “आम्ही पावडर घालतच नाही, मग लिहायला काय हरकत?” त्या पावडर घालत नाहीत हे खरंच आहे. पण आपल्या अन्न नियमांत साखर आणि मीठ हेच पहिल्या वर्गाचे प्रिझर्व्हेटिव्ह धरलेत. आणि सरबत टिकतं तेही साखरेमुळेच. पाक इतका घट्ट असतो की बुरशीला आणि यीस्टला वापरायला पाणीच उरत नाही. पाक पातळ राहिला की बाटली फसफसते, हे आपल्याकडच्या कुठल्याही बाईला माहीत आहे. कारखान्यातल्या बाटलीत सोडियम बेन्झोएट असतं, ते मागे आयएनएस २११ म्हणून दिसतं. त्याला कायद्याने परवानगी आहे, ते घातलं म्हणून कुणी चोर ठरत नाही. ते घालून वर ‘केमिकल फ्री’ छापणं ही मात्र फसवणूक. गटासाठी आम्ही ओळ ठरवली: “सोडियम बेन्झोएटसारखे संरक्षक घातलेले नाहीत. साखरेमुळे टिकते.”

रंगाची एक तपासणी घरी करता येते. चमचाभर सरबत पाण्यात मिसळा आणि चिमूट चिमूट खायचा सोडा टाकत जा. आधी फेस येईल, कारण कोकम आंबट. आंबटपणा मेला की कोकमाचा स्वतःचा लाल रंग जांभळट, मग निळसर-करडा होतो. कृत्रिम लाल रंग तसाच लाल राहतो. पण एवढ्यावरून कुणावर आरोप करू नका. बिटाचा रंगही फारसा हलत नाही, आणि खऱ्या कोकमात थोडा कृत्रिम रंग मिसळला असेल तर निकाल अर्धवट दिसतो. शंका घ्यायला ही तपासणी पुरे, सिद्ध करायला प्रयोगशाळाच लागते. आणखी एक खूण सांगते. खरा कोकमाचा रंग उजेडात ठेवला की काही महिन्यांत विटतो, तपकिरीकडे झुकतो. दुकानाच्या काचेत उन्हाळाभर उभी असलेली बाटली लालबुंदच दिसत असेल तर मागची ओळ नक्की वाचा.

आता ‘इको-फ्रेंडली’. हाच गट आमसुलं तपकिरी कागदी पाऊचमध्ये विकतो. मी एक पाऊच घेऊन कोपऱ्यापासून हळू फाडला. कागद फाटला आणि आतून चकचकीत प्लास्टिकचा पापुद्रा लांबत बाहेर आला. कागद आणि प्लास्टिक असे चिकटलेले की रद्दीवालाही घेणार नाही, प्लास्टिकवालाही नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये नेमक्या अशा दाव्यांवर मार्गदर्शक तत्त्वं काढलीत. ‘ग्रीन’, ‘इको-फ्रेंडली’, ‘नैसर्गिक’, ‘शुद्ध’ असे मोघम शब्द नुसते वापरायचे नाहीत. कशाबद्दल बोलताय, मालाबद्दल की वेष्टनाबद्दल, ते सांगायचं, पुरावा ठेवायचा आणि तो ग्राहकाला सापडेल असा द्यायचा, क्यूआर कोड चालतो. ग्राहक संरक्षण कायद्यात लेबल आणि वेष्टनही जाहिरातीतच मोडतात, त्यामुळे ‘आम्ही कुठे जाहिरात करतो’ हे म्हणता येत नाही.

मग पाऊच विकणारा म्हणाला, कंपोस्टेबल पाऊच देतो. ऐकायला छान. पण त्या प्लास्टिकची चाचणी होते ती साधारण ५८ अंश तापमानाच्या औद्योगिक कंपोस्टमध्ये. आमच्या गावात तसा प्रकल्प नाही, माडाच्या मुळाशी पुरून ते तसं कुजेल याची खात्री नाही. जिथे माल विकतो तिथे जे घडणारच नाही, ते लेबलवर छापणं मला मान्य नाही, मग त्याच्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र असलं तरी.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो ‘जंगली, सेंद्रिय कोकम’ यावर. आपल्याकडे परसातल्या, बांधावरच्या रातांब्याला कोण खत घालतो? म्हणून सगळ्यांना वाटतं, सेंद्रिय लिहायला हरकत नाही. पण दुकानातून विकायचं तर त्या शब्दामागे प्रमाणीकरण लागतं. शिवाय मे अखेरीस पाऊस डोक्यावर आला की गट बाहेरूनही फळ विकत घेतो, आणि त्या झाडाखाली काय मारलंय ते कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून एक साधी वही केली. तारीख, फळ कुणी आणलं, कुठल्या वाडीतलं, किती किलो, खत-फवारणी केली का, आणि त्या फळाच्या बाटल्यांचा बॅच नंबर. फळाच्या वजनाच्या साधारण निम्मी साल निघते, त्यामुळे वहीतलं फळ आणि भरलेल्या बाटल्या यांचा ताळा लावता येतो. वहीत बसत नाहीत त्या बॅचवर ‘खत-फवारणी न केलेलं’ ही ओळ छापायचीच नाही.

शेवटी लेबल असं झालं: “अमृत कोकम. साखर, कोकमाची साल, जिरे, मीठ. १० किलो सालीमागे २० किलो साखर. रंग घातलेला नाही. सोडियम बेन्झोएटसारखे संरक्षक घातलेले नाहीत. साखरेमुळे टिकते. फळ आमच्या तीन वाड्यांतल्या परसातलं, खत-फवारणी न केलेलं. बॅचची नोंद क्यूआर कोडवर.” पान काढून टाकलं. आमसुलांच्या पाऊचवर छापलं: “आत प्लास्टिकचा थर आहे, कागदाच्या रद्दीत टाकू नका.” हे छापायला गटातल्या दोघीजणी अजून तयार नाहीत. त्यांचं म्हणणं, पुण्यातलं गिऱ्हाईक हे वाचून पाऊच परत ठेवेल. त्यांची भीती मला समजते. पण नुसत्या कागदात ठेवलेली खारवलेली आमसुलं आपल्या जुलैत ओल ओढून चिकट होतात, बुरशी धरतात. थर त्यासाठी आहे. तेही त्याच ओळीत लिहूया, असं मी त्यांना सुचवलंय.