सासरेबुवांचा फाउल

गेल्या मंगळवारी आमची टीम एका पिनने हरली. ती पिन कुठे गेली ते मला ठाऊक आहे. ती नाशिकच्या एका निवृत्त गृहस्थांनी खाल्ली.

न्यू जर्सीत आमची टेनपिन बोलिंगची हौशी लीग आहे: ऑफिस सुटल्यावर भाड्याचे बूट, हँडिकॅप आणि गार नाचोज. टीममधल्या एकाचे सासरे सहा महिन्यांसाठी आलेत. घरी बसून कंटाळतात म्हणून जावई त्यांना घेऊन येतो. ते लेनमागच्या खुर्चीत बसतात आणि कुणी न विचारता पंचगिरी करतात.

शेवटचा गेम, माझी दहावी, म्हणजे शेवटची फ्रेम. पहिल्या बॉलला नऊ पिना आडव्या झाल्या आणि दहावी घसरत जाऊन बाजूच्या भिंतीला टेकून राहिली. भिंतीला टेकलेली पिन नियमाने पडलेलीच धरतात. ती डेड वुड, म्हणजे पडलेल्या पिनांचा कचरा, पुढच्या बॉलआधी उचलायचा. म्हणजे पहिल्याच बॉलला दहाही, स्ट्राइक! समोरचा कॅप्टनही कबूल झाला.

"अहो, पडली कुठे? उभी आहे की!" मागून आवाज आला.

"काका, टेकलीय ती. धरतात पडलेली."

"टेकून तर मीही बसलोय. मला धराल का पडलेला?"

त्यावर मी काय बोलणार? मागच्या आठवड्यात उलट झालं होतं. एक पिन पडली, उसळली आणि परत उभी राहिली. अशी पिन उभीच मोजतात. तेव्हा हेच गृहस्थ "पडली, मी डोळ्यांनी पाहिली!" म्हणून भांडत होते. आणखी एकदा पडलेली पिन गटरमध्ये अडकली होती, म्हणून मी मशीनने ती काढायची वाट पाहत थांबलो, तर म्हणाले, "टाका हो, कोपऱ्यात तर आहे!" तिला बॉल लागला असता तर त्या बॉलवर पडलेली एकही पिन धरली नसती, आणि बॉल मात्र मोजला गेला असता. पण यांना घाई. बसायचं खुर्चीत, घाई कसली?

असो. स्ट्राइकनंतर दहाही पिना परत मांडल्या गेल्या. दुसरा बॉल टाकला, नऊ पडल्या. बॉल सोडल्यावर माझा तोल जरा गेला आणि डावा पाय फाउल लाइनच्या पुढे गेला, हवेत. तो लेनला टेकला नाही. फाउल व्हायला शरीराचा भाग रेषेवर किंवा रेषेपलीकडे कशाला तरी टेकावा लागतो: लेनला, यंत्राला, अगदी भिंतीलासुद्धा. हवेतला पाय चालतो. फाउल पकडणारं यंत्रही गप्प होतं.

यंत्र गप्प होतं, सासरे नव्हते.

"नो बॉल!" सगळी गल्ली वळून बघायला लागली. "आता एक रन यांना, आणि बॉल परत टाका!"

मी समजावलं, काका, हे क्रिकेट नाही. इथे फाउलचा बॉल मोजला जातो, पिना मात्र शून्य. हे बोललो आणि वाटलं, आपणच दोरी हातात दिली.

कारण नियमात एक पोटकलम आहे. यंत्राने फाउल पकडला नाही, पण दोन्ही कॅप्टनना किंवा दोन्ही टीममधल्या किमान एकेकाला तो उघड दिसला, तर तो फाउल धरतात. समोरचा कॅप्टन लगेच म्हणाला, "मला दिसला." त्याला काय, दहा वर्षांपूर्वीचाही दिसला असता. आमच्यातल्या एकाने हो म्हणायचं बाकी होतं. प्रेक्षकाला मत नसतं. पण सासऱ्यांनी जावयाकडे पाहिलं.

"काय हो, टेकला ना पाय?"

जावई बुटांकडे बघत म्हणाला, "जरासा टेकला असेल, बाबा."

जरासा! माझे नऊ गेले. दहाही पिना पुन्हा मांडल्या गेल्या, आणि तिसऱ्या बॉलला चिडलेल्या हाताने आठ पडल्या. दहा, शून्य, आठ: अठरा. फाउल नसता तर तिसऱ्या बॉलला एकच पिन उरली असती. ती हुकली असती तरी एकोणीस, म्हणजे किमान बरोबरी. आठवतं तेव्हा दात आवळले जातात. आणि तो जावई, ज्याला लीगची फी मी दोनदा उसनी दिली आहे, गाडीत बसताना म्हणाला, "तू पण ना, एवढ्या तेवढ्यावरून!"

सेक्रेटरीकडे तक्रार करावी म्हणून नियमावली चाळली. फाउल, पिना, डेड वुड, सगळं आहे. खेळाडूच्या सासऱ्याबद्दल एक ओळही नाही.