हाताला मुंग्या आणण्याची खात्रीशीर पद्धत

हात दुखल्याशिवाय अ‍ॅनिमेटर होता येत नाही, हे एकदा मनाशी पक्कं करा. ज्याचं मनगट ठणठणीत आहे तो बहुतेक प्रॉडक्शनमध्ये असतो आणि आपल्याला डेडलाइन देत असतो. म्हणून टूडीत नवीन आलेल्या होतकरू मंडळींसाठी माझा अकरा वर्षांचा अनुभव इथे मोफत देतो आहे.

आधी हिशेब समजून घ्या, म्हणजे हुरूप येईल. सेकंदाला 24 फ्रेम. आपण ‘टूज’वर काम करतो, म्हणजे एक ड्रॉइंग दोन फ्रेम टिकतं, तेव्हा सेकंदाला 12 ड्रॉइंग्ज. चार सेकंदांचा साधा शॉट घेतला तरी 48 झाली. रफ, मग आकार पक्का करणारं टायडाउन आणि शेवटी क्लीनअप असं तीनदा काढायचं, म्हणजे 144. एका ड्रॉइंगला चाळीस रेघा धरल्या तर 5,760 रेघा होतात आणि दर तिसरी रेघ मनासारखी येत नाही म्हणून Ctrl+Z, जवळजवळ 1,900 वेळा. एवढं करून पडद्यावर काय दिसतं? एक माणूस खुर्चीतून उठतो. तुम्ही मात्र उठायचं नाही.

आता टॅबलेट. सगळ्यात छोटा घ्या, चित्र काढायची जागा पंधरा सेंटिमीटर रुंद असलेला. तो साठ सेंटिमीटर रुंदीच्या सत्तावीस इंची मॉनिटरला जोडा. हात एक सेंटिमीटर हलला की पडद्यावर रेघ चार सेंटिमीटर पळते. त्यामुळे खांदा आणि कोपर सुट्टीवर जातात आणि सगळं काम तीन बोटं आणि मनगट मिळून करतात. काही भित्रे लोक ड्रायव्हरमध्ये जाऊन टॅबलेट पडद्याच्या अर्ध्याच भागाशी जोडतात, कॅनव्हास तिथे ठेवतात आणि पॅलेटं उरलेल्या अर्ध्यात ढकलून शॉर्टकटवर भागवतात. मग हात दुप्पट हलवावा लागतो, म्हणून रेघ कोपरातून येते. तुम्हाला हे शोभत नाही.

पेनच्या सेटिंगमध्ये टोकाचा दाब ‘फर्म’कडे सरकवा, म्हणजे जाड रेघेसाठी पेन अक्षरशः रोवावं लागेल. प्रगती मोजायची सोय पेनातच आहे. निब काढून बघा. दोन-तीन आठवड्यांत ती एका बाजूने छिन्नीसारखी घासली असेल, तर पकड उत्तम जमली आहे. ‘सॉफ्ट’वर ठेवणाऱ्यांची तीच निब कितीतरी जास्त दिवस गोल राहते. पेनावर रबराची जाड नळी चढवून पकड सैल करणारेही असतात. बारीक पेन चिमटीत आवळून धरण्यातली मजा त्यांना कळलेली नाही.

सगळ्यात महत्त्वाची सूचना: कॅनव्हास कधीही फिरवू नका.

हे जरा समजावून सांगतो, कारण इथेच जुन्या लोकांनी घोळ घातला. कागदावर अ‍ॅनिमेशन व्हायचं तेव्हा लाइट टेबल तिरकं असायचं आणि त्यात एक गोल डिस्क बसवलेली असायची. पेगमध्ये अडकवलेल्या कागदांसकट ती डिस्क गरकन फिरायची. कारण साधं होतं: हात कोपराभोवती एका ठरावीक दिशेनेच सहज कमान काढतो. वाकडी कमान हवी असेल तर मनगट वाकवा नाहीतर कागद फिरवा. ते कागद फिरवायचे. आज फोटोशॉपमध्ये R दाबून, क्रितामध्ये 4 आणि 6 दाबून हेच करता येतं, 5 दाबलं की कॅनव्हास पुन्हा सरळ. पण आपण एकविसाव्या शतकातले. कॅनव्हास पाषाणासारखा स्थिर ठेवा आणि पात्राच्या पाठीची कमान काढताना मनगटच उलटं मुरडा.

मनगटात हाडं आणि एका जाड पट्ट्याच्या मधून जाणारा अरुंद बोगदा आहे. त्यातून बोटांचे नऊ स्नायुबंध आणि मीडियन नर्व्ह जाते. मनगट वाकलं की आतला दाब वाढतो आणि दाटीवाटीत चिरडते ती नर्व्ह. विरारची लोकल डोळ्यांसमोर आणा. फळ रात्री मिळतं. दोन-तीनला जाग येते, अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर झालेलं असतं आणि तुम्ही थर्मामीटर झटकावा तसा हात झटकत बसता. करंगळी मात्र शाबूत असते, कारण तिची नर्व्ह वेगळ्या वाटेने जाते.

करंगळीलाही न्याय द्यायचा असेल तर जेवणाचं टेबल वापरा. त्याची उंची साधारण 75 सेंटिमीटर असते. समोर बुटकी प्लास्टिकची खुर्ची घ्या. खांदे कानांपर्यंत चढतात आणि कोपराचा आतला कोपरा टेबलाच्या धारेवर टेकतो, नेमका करंगळीच्या नर्व्हवर. खुर्चीत उशी टाकून कोपर टेबलाच्या पातळीला आणलं आणि पाय तरंगतात म्हणून खाली जुनी पुस्तकं ठेवली, तर हा सगळा खटाटोप फुकट जातो.

डोळ्यांचं काम सोपं आहे. ट्यूबलाइट बंद करा, कॅनव्हास पांढराशुभ्र ठेवा, एसीचा झोत तोंडावर घ्या. टक लावून बघताना पापणी मिटणं तसंही निम्म्याहून कमी होतं. उरलेलं पाणी एसी सुकवतो. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद सहा मीटर लांब बघा म्हणतात. आमच्या गोरेगावच्या खिडकीतून सहा मीटरवर समोरच्या काकूंचं वाळत घातलेलं गाऊन दिसतं. वीस सेकंद कोण बघणार? कॅनव्हास राखाडी करून भिंतीवर मंद दिवा लावणारा एक जण आमच्याकडे आहे. त्याला अजून चष्मा लागलेला नाही, त्यामुळे तो सीनिअर वाटतच नाही.

राहता राहिला थकवा. क्लायंट लॉस एंजेलिसचा मिळवा. उन्हाळ्यात त्यांचे सकाळचे दहा म्हणजे आपले रात्रीचे साडेदहा. रिटेक जेवणानंतर बडीशेपेसारखे येतात. लगेच बसा. परवाच मी वर सांगितलेला खुर्चीवाला शॉट असाच पहाटे चारपर्यंत ओढला. साडेबारापर्यंतची ड्रॉइंग्ज बरी होती. त्यानंतर मी मागची-पुढची ड्रॉइंग्ज फ्लिप करून बघायचंच सोडलं होतं, तेच डोकं तिसऱ्यांदा काढत होतो आणि ते प्रत्येक ड्रॉइंगमध्ये थोडं थोडं फुगत होतं. सकाळी शेवटची चौदा पुसली. फ्लिप करायचा कंटाळा येतो ती झोपायची वेळ असते, असं माझा पहिला सुपरवायझर म्हणायचा. त्याला प्रमोशन मिळालं नाही.

एवढं सगळं निष्ठेने केल्यावर मी डॉक्टरांकडे पोचलो. त्यांनी रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा दिला, अंगठ्याच्या बुडाचं मांस दाबून पाहिलं, तिथे खड्डा पडायला लागला असता तर उशीर झाला असता म्हणाले. मग हाताचं छापील चित्र आणि एक पेन्सिल पुढे केली. ‘‘कुठे बधिर वाटतं तेवढा भाग रंगवा.’’ मी रंगवू लागलो. रेघ मधल्या बोटाच्या बाहेर गेली आणि माझी डावी करंगळी त्यांच्या टेबलाच्या कडेवर Ctrl शोधायला लागली.