मी परदेशात नाही, स्वयंपाकघरात आहे

दसऱ्याला माझ्या बँकेच्या कार्डावर मी साडेएकवीस हजारांचं वॉशिंग मशीन घेतलं होतं. दुकानदाराने कार्ड मशीनमध्ये खुपसलं, मी पिन दाबला, मशीनने किर्रर्र करून कागद बाहेर काढला आणि दोन मिनिटांत विषय संपला. त्यामुळे माझ्या कार्डाबद्दल मला एक प्रकारचा कौटुंबिक अभिमान होता. आपला मुलगा हुशार आहे असं वाटावं, तसा.

पुढे महिनाभरात मला माउथ ऑर्गन शिकायची हुक्की आली. सांगलीत क्लास मिळेना, म्हणून ऑनलाइन शोधलं तर जर्मनीतला एक गृहस्थ दर महिन्याला नवे धडे देत होता. किंमत ७९९ रुपये. डॉलर नाहीत, युरो नाहीत, चक्क रुपये! मला वाटलं, जर्मन माणूस किती समजूतदार. रात्री अकराच्या सुमारास स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून मी कार्डाचे सोळा आकडे भरले आणि बटण दाबलं. चाक फिरलं. मग लाल अक्षरं आली:

Your card was declined. Please contact your bank.

आता कुठलाही मराठी माणूस पहिल्यांदा जे करतो ते मी केलं: परत दाबलं. मग आकडे चुकले असतील म्हणून चष्मा पुसून पुन्हा भरले. मग वायफाय बंद करून मोबाइलच्या डेटावर. मग ब्राउझर बदलून. पाचव्या खेपेला सौ. पाणी प्यायला उठल्या, म्हणाल्या, "माझं कार्ड घ्या." त्यांचं कार्ड बँकेतलं साधं रुपे डेबिट. त्याचे आकडे टाकल्यावर त्या खिडकीने कार्डाचं नाव ओळखायलाच नकार दिला. त्या साइटवर फक्त दोन-तीन परदेशी कंपन्यांची कार्डं चालत होती. "तुमचं निदान ओळखतात तरी," असं सांत्वन करून सौ. झोपायला गेल्या.

सकाळी सव्वानऊला फोन आला. एक बाई गोड आवाजात म्हणाल्या, "सर, मी बँकेतून बोलतेय, काल रात्री आपल्या कार्डावर परदेशातून पाच वेळा..." एवढं ऐकून मी फोन ठेवला. अशा फोनना आपण भुलत नाही. शेजारच्या जोशीकाकांचे याच गोडव्यात पैसे गेले होते. पण मग मेसेज पाहिला, कार्ड तात्पुरतं थांबवलं होतं. म्हणजे बाई खऱ्या! मग मीच कार्डामागचा नंबर लावला. मराठीसाठी तीन दाबा, कार्डासाठी दोन दाबा, शेवटचे चार आकडे दाबा. पावणेअकराला एक गृहस्थ भेटले. त्यांचा पहिला प्रश्न:

"सर, आपण सध्या परदेशात आहात का?"

"नाही हो, स्वयंपाकघरात आहे."

"मग परदेशी व्यवहार आपणच केलात?"

"मी ७९९ रुपयांचा केला. रुपयांचा!"

पलीकडे थोडी शांतता. मग ते म्हणाले, "सर, आपल्या कार्डावर इंटरनॅशनल यूसेज बंद आहे. ॲपमधून चालू करून घ्या." आणि तात्पुरती बंदी उठवून त्यांनी मला पुण्यातल्या भाच्याच्या स्वाधीन केलं. म्हणजे तसं त्यांनी म्हटलं नाही, पण दुसरा मार्ग नव्हता.

भाचा पैशांचे व्यवहार पार पाडणाऱ्या एका कंपनीत आहे. तो म्हणाला, "मामा, रुपये दिसले म्हणून तो माणूस सांगलीचा होत नाही. तुमची बँक किंमत कुठल्या चलनात आहे ते बघत नाही, पैसे घेणाऱ्याचं खातं कुठल्या देशातल्या बँकेत आहे ते बघते. त्याचं खातं जर्मनीत, म्हणून व्यवहार परदेशी."

"पण मी कुणाच्या अध्यात ना मध्यात, माझं का बंद?"

"तुम्ही बंद केलंच नाही मामा, ते कधी चालूच नव्हतं. रिझर्व्ह बँकेने २०२० मध्ये नियम केला. नवं कार्ड हातात येतं तेव्हा ते फक्त देशातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनवर चालतं. ऑनलाइन, परदेशी आणि टेकवून पैसे देणं, हे तुम्ही स्वतः सुरू करायचं. आणि जुन्या कार्डावर जे कधीच वापरलं नाही तेही बंद करायला लावलं."

म्हणजे माझ्या कार्डाची अवस्था नव्या सुनेसारखी होती. दुकानात जाऊन ये म्हटलं तर जायची परवानगी, परदेशी मात्र विचारून.

मी विचारलं, "मग 'परदेशी बंद आहे' असं सरळ लिहायला काय होतं?" तेव्हा कळलं की बँक नकाराबरोबर दोन आकडी खूण पाठवते. पैसे कमी असतील तर ५१, कार्डाला अशा व्यवहाराची मुभाच नसेल तर ५७. आणि ०५ म्हणजे नुसता नकार, कारण विचारू नये. मला लगेच समजलं. ०५ म्हणजे "पत्रिका जुळत नाही". मुलगी पसंत नाही, हुंडा कमी आहे की पोराचं दुसरीकडे जमलंय, सगळं त्या एका वाक्यात. आणि जर्मन साहेबाची साइट तर खूण कोणतीही येवो, सगळ्यांना तेच एक लाल वाक्य दाखवते. त्यामुळे नेमकं कारण कळायचं असेल तर विचारायचं विक्रेत्याला नाही, बँकेला, आणि तेही "अमुक वेळेचा नकार कुठल्या कारणाने आला" असं वेळेसकट.

ॲप उघडलं. कार्डाच्या पानावर दोन रकाने होते, देशांतर्गत आणि आंतरराष्ट्रीय. आंतरराष्ट्रीय खाली परत एटीएम, दुकान आणि ऑनलाइन अशी तीन बटणं. मी फक्त ऑनलाइनचं हिरवं केलं. ओटीपी आला, भरला, "यशस्वी" असं आलं. विजयी मुद्रेने पुन्हा जर्मनीला गेलो.

declined.

भाच्याला परत फोन. तो म्हणाला, "बटणाखालची मर्यादा किती आहे?" बघितलं तर एक रेघ होती, तिच्यावर एक ठिपका आणि तो ठिपका शून्यावर उभा. म्हणजे बँकेने मला परदेशी ऑनलाइन खर्चाची परवानगी दिली होती, दिवसाला शून्य रुपयांपर्यंत! इतकं उदार धोरण मी आमच्या सोसायटीच्या खजिनदारातच पाहिलं आहे. ठिपका दोन हजारांवर ओढला. ओढताना तो पन्नास हजारांवर गेला, तो मागे आणायला एक कप चहा लागला.

"आणि मामा, आता एकदाच दाबा. पाच वेळा दाबायला चोरच बसलेला असतो." हे मला नंतर पटलं. पहिल्यांदाच परदेशी विक्रेता, रात्रीची वेळ, तीच रक्कम, पाठोपाठ पाच प्रयत्न. चोरलेलं कार्ड चालतंय का हे तपासणारे लोकही असंच करतात. बँकेच्या संगणकाला मी आणि चोर यांत फरक दिसला नाही, याबद्दल मी आता राग धरलेला नाही.

एकदाच दाबलं. झालं! आणि गंमत म्हणजे ओटीपी आलाच नाही. इथे किराणा मागवला तरी ओटीपी येतो, आणि जर्मनीत नुसत्या आकड्यांवर पैसे गेले. भाचा म्हणाला, तिकडच्या अनेक विक्रेत्यांना ओटीपी मागायचं बंधन नाही, म्हणून तर तो ठिपका लहान ठेवायचा. महिनाअखेरीच्या हिशेबात मला ७९९ च्या खाली आणखी नऊ रुपये त्रेचाळीस पैसे सापडले. रुपयांतला परदेशी व्यवहार म्हणून एक टक्का आणि त्या टक्क्यावर अठरा टक्के जीएसटी. चलन बदललंच नाही, तरी बदलाचा आकार! बँक मात्र म्हणते, तिच्या दरपत्रकात आहे.

महिनाभर मी पहिले दोन सूर घासले. सौ. दुपारी मुद्दाम बाजारात जाऊ लागल्या. आणि तिसाव्या दिवशी जर्मनीहून पत्र: तुमचं पैसे भरणं अयशस्वी झालं, धडे थांबवले आहेत. बटण हिरवं, ठिपका दोन हजारांवर, कार्डात पैसे. मी फोनवर ओरडलो, "अरे, मागच्या महिन्यात चाललं, या महिन्यात काय झालं?"

"मागच्या वेळी तुम्ही दाबलं होतं मामा. या वेळी त्याने दाबलं."

दर महिन्याला आपोआप पैसे कापणं म्हणजे वेगळीच जात. १ ऑक्टोबर २०२१ पासून भारतातल्या कार्डावर असं कापायचं असेल तर आधी एकदा ओटीपी देऊन मँडेट म्हणजे कायमची संमती नोंदवावी लागते, आणि दर वेळी कापण्याच्या किमान चोवीस तास आधी बँकेने कळवावं लागतं. पंधरा हजारांवरची रक्कम असेल तर तेव्हाही ओटीपी. माझा पहिला हप्ता एक सुटा व्यवहार म्हणून निसटला, पण त्या ओटीपीविना झालेल्या गोष्टीतून संमती काही नोंदली गेली नाही. म्हणून दुसऱ्या महिन्यात तो जर्मन दारात उभा, आणि बँक म्हणतेय, "आपण कोण?"

"पण सौ.च्या मालिकांचं ॲप तर परदेशी, ते दर महिन्याला कापतं!"

"त्यांनी इथली व्यवस्था लावून घेतलीय. तुमच्या ॲपमध्ये मँडेटची यादी बघा."

बघितली. यादीत मालिका होत्या, फोनचं बिल होतं. माउथ ऑर्गन नव्हता. ओळखायची खूणही हीच: यादीत नाव नसेल आणि आदल्या दिवशीचा मेसेज आला नसेल, तर पुढचा हप्ता जाणारच नाही, कितीही बटणं हिरवी करा.

शेवटी त्या गृहस्थाला मोडक्या इंग्रजीत लिहिलं. त्याने सांगितलं, वर्षाचे एकदम भरा आणि आपोआप नूतनीकरण बंद करा. ७,९०० रुपये. म्हणजे आता हात माझाच, दाबणार मीच, मँडेटचा प्रश्न नाही. ठिपका आठ हजारांवर नेला, एकदाच दाबलं, पैसे गेल्यावर ठिपका खाली ओढून बटण बंद केलं. परत चालू करायला पुढच्या दसऱ्यापर्यंत वेळ आहे.

बँकेने मात्र माझी नोंद घेतली आहे. काल मी अर्धा तास 'सा' वरून 'रे' वर जायचा प्रयत्न करत होतो, तोच मेसेज आला: परदेश प्रवासाला निघाला आहात? आमचं फॉरेक्स कार्ड घ्या, विमानतळावर लाउंज मोफत. सौ.ना वाचून दाखवलं, तर त्यांनी एकच विचारलं, "कधी निघताय?"