काकूंचा कूलर आणि माझा स्वल्पविराम

घरात एकाचं शुद्धलेखन बरं असलं की अख्ख्या खानदानाच्या लग्नपत्रिका त्याच्याकडे येतात. माझा मेहुणा त्याच्या पुढे गेला. इतवारीत त्याचं कूलरचं दुकान आहे. मार्च लागला तसा त्याने एका गिऱ्हाईक काकूंचा मेसेज माझ्याकडे ढकलला. ‘‘भाऊजी, याचा बोर्ड करायचा आहे. फक्त व्याकरण पाहून द्या. दोन मिनिटांचं काम.’’

मेसेज असा होता: ‘‘कुलर मागच्या वर्षि घेतला हवा मस्त फेकते आवाज नाही म्हणता येत पाणि खुप पिते पन नवतपात कामाला आला खसच्या ताट्या दोन महिन्यात गेल्या मानुस दुसऱ्या दिवशी आला बदलून देल्या पैसे नाही घेतले जास्तिचे’’

पूर्णविराम एकही नाही. बाईंनी सगळं एका दमात सांगितलेलं.

‘वर्षि’चं ‘वर्षी’ केलं, ‘पन’चं ‘पण’, ‘देल्या’चं ‘दिल्या’. ‘फेकते’चं ‘फेकतो’ करताना जरा जिवावर आलं, कारण आपल्याकडचा कूलर फेकतेच. पण बोर्डावर चालेल, अर्थ हलत नाही. इथपर्यंत खरंच दोन मिनिटं लागली.

मग ‘आवाज नाही म्हणता येत’पाशी पेन अडलं. ‘आवाज नाही’ इथे पूर्णविराम दिला तर कूलर मुका. सलग वाचलं तर ‘आवाज नाही, असं म्हणता येत नाही’, म्हणजे कूलर बोलका. मेहुण्याला विचारलं. त्याचं उत्तर तयारच होतं. ‘‘पूर्णविराम द्या ना भाऊजी! व्याकरणच आहे ते.’’

अशा ठिकाणी विरामचिन्ह व्याकरणाचं राहत नाही, ते साक्षीदाराच्या तोंडात घातलेलं वाक्य होतं. उपाय एकच, बोलणाऱ्याला विचारणं. मी फोन लावायला सांगितला. ‘‘तुम्ही दुरुस्ती करून राहिले की सीआयडीची चौकशी?’’ असं पुटपुटत त्याने लावला.

‘‘आवाज आहे नं भाऊ,’’ काकू म्हणाल्या. ‘‘पण आवाज बंद झाला की मला वाटते लाईन गेली. सवय झाली आता.’’

‘‘आणि काकू, ताट्यांचे पैसे?’’

‘‘ताट्यांचे दिले. त्याच्या येण्याजाण्याचे नाही घेतले.’’

मेहुण्याच्या कच्च्या मसुद्यात तोवर ‘मोफत सेवा!’ झळकत होतं, उद्गारचिन्हासकट. ते खोडलं. ‘येण्याजाण्याचे’ हा काकूंनी आत्ता सांगितलेला शब्द घालू का, हेही त्यांनाच विचारलं. त्या म्हणाल्या, ‘‘घाला नं, खरंच आहे ते.’’

आता उरलं पाणी. मेहुण्याला ‘पाणी खूप पितो’ नको होतं. ‘‘तिथे तीन टिंबं द्या. पेपरवाले देतात.’’ टिंबं नुसता फापटपसारा गाळायला असतात. इथे ती नेमकी तीच गोष्ट गिळणार होती, जी पुढचं गिऱ्हाईक दारात पाय ठेवताच विचारतं. शिवाय ‘पण नवतप्यात कामाला आला’ मधला ‘पण’ पाण्यावरच उभा आहे. पाणी काढलं की ‘पण’ अधांतरी, आणि ‘पण’ काढला की तक्रार करून मग दिलेली शाबासकी नुसती शाबासकी होते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे जाहिरातीतलं असं मत त्या माणसाचं खरंखुरं आणि बऱ्यापैकी ताजं हवं. हे सांगितल्यावर मेहुणा माझ्याकडे, फितूर झालेल्या नातेवाइकाकडे बघावं तसं बघू लागला.

‘‘अरे, कूलर पाणी पिणारच,’’ मी म्हटलं. ‘‘पाण्याची वाफ होते म्हणून तर हवा गार होते. मे महिन्यातल्या कोरड्या हवेत ती भराभर होते. जुलैत हवाच ओली, तेव्हा तोच कूलर नुसता चिकचिकाट करतो.’’

‘‘मग हेच काकूंच्या नावाने लिहा ना!’’

‘‘काकूंनी हे म्हटलं नाही. खाली दुकानाच्या नावाने लिही.’’

शेवटी ठरलं ते असं: ‘‘कूलर मागच्या वर्षी घेतला. हवा मस्त फेकतो. आवाज नाही म्हणता येत नाही. पाणी खूप पितो, पण नवतप्यात कामाला आला. खसच्या ताट्या दोन महिन्यांत गेल्या. माणूस दुसऱ्या दिवशी आला, बदलून दिल्या. येण्याजाण्याचे पैसे नाही घेतले.’’

‘उत्कृष्ट’, ‘समाधानी’, ‘विश्वासार्ह’ यातलं काही आत शिरू दिलं नाही. काकू असं बोलत नाहीत, आणि बोर्डावर बोलल्या तर शेजारीण ओळखणार नाही. मूळ मेसेज जपून ठेवायला सांगितला, आणि दुरुस्त मजकूर मंजुरीसाठी काकूंना पाठवला. मेहुणा तोवर पेंटरला फोन करून मोकळा झाला होता.

तासाभराने उत्तर आलं: ‘‘बरोबर आहे हेच म्हटल होत पन काल लावुन पाहीला तर पंप पाणिच नाही चढवून राहिला मानुस पाठवा’’

मेहुण्याने पेंटरला थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं. ‘‘यात काय दुरुस्ती करता भाऊजी?’’

‘‘यातली दुरुस्ती तुझा मिस्त्री करेल.’’