लग्नाचा आकडा हॉलवर नाही, निवृत्तीच्या वयावर ठरवा

तुळशीचं लग्न झालं की सोलापुरात मंगल कार्यालयांच्या तारखा भरू लागतात आणि घराघरांत एकच प्रश्न सुरू होतो: "किती खर्च येईल?" माझ्या मते प्रश्नच उलटा विचारला जातो. किती खर्च येईल, हे आचारी आणि मांडववाला सांगेल. आपल्याला किती परवडेल, हे मात्र घरातल्या कागदांवरूनच कळतं, आणि तो हिशेब सुपारी फुटण्याच्या आधी व्हायला हवा. एकदा यादी करायला दोन्हीकडची मंडळी बसली की आकडा वरच जातो, खाली येत नाही.

एक नमुन्याचं घर घेऊन हिशेब मांडतो. वडील ५२ वर्षांचे, खासगी कंपनीत, निवृत्ती ६० व्या वर्षी. घर स्वतःचं, कर्ज नाही. मुलगी २५ वर्षांची, तिचं लग्न यंदा. मुलगा बारावीत, पुढे पुण्यात इंजिनिअरिंग. पीएफमध्ये २४ लाख, बाहेर एफडी, पीपीएफ आणि म्युच्युअल फंड मिळून १८ लाख. महिन्याला २५ हजार शिल्लक पडतात. बऱ्यापैकी शिस्तीचं घर म्हणायचं. असं घर बारा-पंधरा लाखांचं लग्न सहज ठरवून बसतं.

सगळे आकडे आजच्या किमतीत धरू, म्हणजे महागाईचा गोंधळ होणार नाही. निवृत्तीनंतर दोघांना महिन्याला २४ हजार लागतील. ईपीएसची पेन्शन सहा हजारांच्या आसपास बसेल, पण ती महागाईबरोबर वाढत नाही. पुढच्या पंचवीस वर्षांचा विचार केला तर तिची आजची किंमत सरासरी दोन हजारच धरावी. उरले २२ हजार, म्हणजे वर्षाला २ लाख ६४ हजार. ६० ते ८५ अशी पंचवीस वर्षं, म्हणजे ६६ लाख. निवृत्तीनंतर पैसे महागाईइतकेच वाढतील, हे यात गृहीत आहे.

आता जमेची बाजू. पीएफवर सध्या ८.२५ टक्के व्याज आहे. महागाई सहा टक्के धरली तर खरी वाढ दोन टक्क्यांच्या थोडी वर. आठ वर्षांत आजचे २४ लाख साधारण २८ लाखांच्या मोलाचे होतात. पुढच्या आठ वर्षांतल्या भरण्याचे ९ लाख धरू. मूळ पगार ४० हजार आणि निवृत्तीपर्यंत कंपनीत २६ वर्षं होत असतील, तर ग्रॅच्युइटी ६ लाख. एकूण ४३. ६६ ला कमी पडले २३ लाख, आणि ते बाहेरच्या बचतीतूनच यायला हवेत.

बाहेरची बचत १८ लाख, अधिक वर्षाला ३ लाख याप्रमाणे आठ वर्षांचे २४, असे ४२ लाख. पगार वाढेल तशी दर महिन्याची शिल्लकही वाढवत नेली, तरच हा आकडा खरा. त्यातून निवृत्तीचे २३ काढा. मुलाची फी, होस्टेल आणि मेस मिळून चार वर्षांचे ९ काढा. नोकरी गेली किंवा दवाखाना आला तर सहा महिने निघावेत म्हणून ३ बाजूला ठेवा. उरतात ७ लाख.

या घराची लग्नाची मर्यादा सात लाख. साखरपुडा, हळद, दागिने, मानपान सगळं धरून सात. मुलाच्या पुढच्या लग्नासाठी यात एक रुपयाही धरलेला नाही.

सात लाखांत काय बसतं? तोळा सव्वा लाखाने धरला तर दोन तोळ्यांचे अडीच लाख. त्यावर दहा टक्के घडणावळ २५ हजार आणि तीन टक्के जीएसटी सव्वाआठ हजार. बिल २ लाख ८३ हजारांचं. हाच दागिना दुसऱ्या दिवशी मोडायला नेला तर घडणावळ आणि जीएसटी मिळून ३३ हजार गेलेले असतात. म्हणून "सोनं म्हणजे बचतच की" हे दागिन्याच्या बाबतीत अर्धंच खरं आहे. आईचा जुना दागिना मोडून नवा घडवला तर हा आकडा बराच खाली येतो.

कार्यालय आणि मांडव ८० हजार. ताट २०० रुपयांचं, माणसं ४००, म्हणजे आणखी ८० हजार. हळद आणि नाश्त्याचे ३०. बस्ता आणि मानपान ८०. फोटो-व्हिडिओ ३५. पत्रिका, गुरुजी, वाजंत्री मिळून ३५. झाले सव्वासहा लाखांच्या आत. उरलेले पाऊण लाख मुद्दाम मोकळे ठेवायचे, कारण खर्च फुटतो तो याच जागी. कार्यालयाच्या भाड्यात वीज युनिटप्रमाणे वेगळी आहे का, जनरेटरचं डिझेल आणि साफसफाई कुणाकडे, हे पावती फाडण्याआधी लिहून घ्या. मे महिन्यातल्या सोलापूरच्या उन्हात कूलर आणि एसीचं बिलच मोठं येतं. आचाऱ्याशी "कमीत कमी किती ताटांचे पैसे" हे ठरलं नसेल, तर न जेवलेल्या शंभर ताटांचे २० हजार भरावे लागतात.

दोन्ही घरं तयार असतील तर आपल्याकडची यादी पे शादी मला मनापासून पटते. साखरपुड्याचं वेगळं कार्यालय, वेगळं जेवण आणि दुसरा बस्ता वाचतो. त्यात कमीपणा कसला?

आहेर जमेत धरू नका. आहेराच्या वहीत ज्याच्या नावापुढे ५०१ लिहिले, त्याच्या घरच्या कार्यात ते परत करायचे असतात. ती उधारी आहे.

आता सातच्या वर गेलं तर काय होतं? पीएफमधून लग्नासाठी पैसे काढता येतात, म्हणून बरेच जण तिथे हात घालतात. आज काढलेले ५ लाख तसेच राहिले असते, तर ८.२५ टक्क्यांनी आठ वर्षांत ९ लाख ४० हजारांच्या वर गेले असते. पर्सनल लोन घेतलं तर ५ लाखांना १३ टक्क्यांनी पाच वर्षं महिना ११,४०० चा हप्ता, एकूण परतफेड ६ लाख ८३ हजार. हप्ता जातो त्या २५ हजारांच्या शिल्लकेतूनच. म्हणजे पाच वर्षं जवळजवळ निम्मी बचत बंद. "मुलासाठी एज्युकेशन लोन घेऊ, हातातले लग्नाला वापरू" हाही तोच मार्ग. त्यात जेवणावळीचं कर्ज मुलाच्या पहिल्या पगारावर चढतं.

शेवटी, हिशेबाला बसण्याआधी कंपनीचं नेमणूकपत्र काढून निवृत्तीचं वय वाचा. बऱ्याच खासगी कंपन्यांत ते ५८ असतं. वरच्या घरात ६० ऐवजी ५८ असेल, तर दोन वर्षांची ६ लाखांची बचत पडत नाही आणि खर्चाची दोन वर्षं वाढून सव्वापाच लाख जास्त लागतात. पीएफचा दोन वर्षांचा भरणाही जातो, म्हणजे आणखी सव्वादोन लाख, आणि ग्रॅच्युइटीही थोडी कमी होते. मग ते सात लाख राहत नाहीत, उलट साडेसहा लाखांहून जास्त तूट निघते. अशा घराने लग्न दोन तोळ्यांऐवजी घरातल्याच सोन्यावर आणि चारशेऐवजी दीडशे माणसांत करावं. उरलेली सहा वर्षं दर महिन्याला निदान नऊ-दहा हजार जास्त बाजूला टाकता येतील का, हे तारीख काढण्याआधी बघावं.